यादी सोबत जोडली आहे

कृत्रिम पाय बनवणाऱ्या त्या वर्कशॉपच्या ऑफिसात बाई एकोणीस वर्षं बसत होत्या. वर्कशॉपमध्ये त्यांना सगळे नुसतं 'बाई' म्हणायचे, आणि त्यांनाही ते चालायचं. दवाखान्यांतून मापं यायची ती बाईंच्या ईमेलवर. बाई ती तपासून आत मिस्त्रींकडे पाठवायच्या. मिस्त्री मशीनवर फोमच्या ठोकळ्यातून रुग्णाच्या पायाचा आकार कोरून घ्यायचे, त्यावर तापवलेलं प्लास्टिक ओढायचे, आणि पाय जिथे बसतो ती वाटी तयार व्हायची. माप चुकलं की वाटी टोचते, आणि टोचणाऱ्या वाटीचा पाय माणूस दोन दिवसांत पलंगाखाली टाकून देतो. म्हणून बाई डोळ्यांत तेल घालून बसायच्या.

गुरुवारी सकाळी अकराला ईमेल आलं. 'नमस्कार मॅडम. शिंपीकाकांच्या डाव्या पायाचं स्कॅन सोबत जोडलं आहे. उद्या फिटिंग आहे.' खाली दवाखान्यातल्या नव्या मुलीची सही. आणि सोबत काय? काही नाही. ना फाईल, ना पिनेची खूण. जेवायला बसवून रिकामं ताट समोर ठेवावं, तसं ते ईमेल.

मिस्त्री दारातून डोकावले. "बाई, बारा वाजता मशीन लावतोय. शिंप्याचा पाय आला का?"

"पत्र आलंय," बाई म्हणाल्या. "पाय यायचाय."

"म्हणजे परत? तिसऱ्यांदा? त्या पोरीचं लक्ष असतं कुठे?"

तिसरी वेळ म्हणजे काय, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. महिन्याभरात दोनदा असंच झालं होतं. दुसऱ्या वेळी दवाखान्याच्या डॉक्टरांनी स्वतः फोन केला होता. डॉक्टर म्हणजे हुशार माणूस, पण नाकावर राग. म्हणाले, "बाई, ती मुलगी तीन महिन्यांच्या बोलीवर आहे. अजून एकदा विसरली, तर मी तिला घरी पाठवणार. माझ्याकडे विसराळू माणसाला जागा नाही." आणि ते तीन महिने उद्या भरत होते.

आता दुसरं कुणी असतं तर उत्तरात डॉक्टरांनाही घालून, 'फाईल जोडलेली नाही, कृपया लक्ष देत चला' असं ठोकून दिलं असतं. बाईंनी असं उत्तर जन्मात कुणाला दिलं नव्हतं. त्या काही गरीब गाय नव्हत्या, हे मिस्त्रींना विचारा. पण फार पूर्वी एका कारकुनाला वरिष्ठांनी सगळ्यांसमोर झापलं होतं, तेव्हा बाई तिथे होत्या. त्यानंतर तो कारकून इतका बिचकला, की एका मापावर डावा पाय की उजवा हे लिहायचं राहिलंय हे दिसूनही त्याने विचारलं नाही. पाय उलटा बनला. बोलणी खाल्लेला माणूस चुका कमी करत नाही, लपवायला शिकतो, असं बाईंचं ठाम मत होतं.

म्हणून त्यांचं उत्तर ठरलेलं असायचं, आणि ते फक्त पाठवणाऱ्यालाच जायचं. आजही त्यांनी तेच लिहिलं. 'पत्र मिळालं, धन्यवाद. स्कॅन माझ्याकडे दिसत नाहीये. कदाचित आमच्याकडे अडलं असेल. पुन्हा पाठवाल का? बारापर्यंत आलं तर उद्याची फिटिंग चुकणार नाही.'

उत्तर दहा मिनिटांत आलं. स्कॅन होतं. बाईंनी उघडून पाहिलं, डावा पाय, नाव बरोबर, गुडघ्याखालची मापं कागदाशी जुळतात. आत मिस्त्रींकडे पाठवलं. पण त्या ईमेलमध्ये फाईलच्या वर चार ओळी होत्या.

'मॅडम, रागावू नका, पण मी विसरले नव्हते. मागच्या दोन्ही वेळीही नाही. माझ्या पाठवलेल्या ईमेलचा फोटो खाली देतेय, त्यात फाईल दिसते. फाईल मोठी असते म्हणून मी आधी झिप करून पाठवते. तुमचं पत्र आलं की घाईघाईत सुटीच पाठवते.'

बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. तारीख आजची, वेळ अकरा, पत्ता बाईंचा, आणि खाली झिप केलेली फाईल दिमाखात बसलेली. बाई खुर्चीत मागे टेकल्या. झिप केलेली येत नव्हती. सुटी येत होती. तिन्ही वेळा.

'कदाचित आमच्याकडे अडलं असेल.' हे वाक्य बाई वर्षानुवर्षं लिहीत आल्या होत्या, समोरच्याचं मन राखायला. ते खरं असेल असं त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. तीनदा लिहिलं, आणि एकदाही उठून बघितलं नाही. त्यांना स्वतःची लाज वाटली. गोड बोलून त्यांनीही त्या मुलीला विसराळूच ठरवलं होतं.

त्या तडक वरच्या मजल्यावर गेल्या. तिथे कंप्युटर सांभाळणारा मुलगा बसायचा. सगळे त्याला 'गुरू' म्हणायचे, कारण काहीही विचारलं की तो आधी डोळे मिटायचा.

"गुरू, आपल्याकडे आलेली झिप फाईल कुठे जाते?"

गुरूने डोळे मिटले. मग उघडले. "एक तारखेपासून नवा फिल्टर बसवलाय, बाई. झिपमधून व्हायरस येतात ना. फाईल बाजूला ठेवतो, पत्र तेवढं पुढे सोडतो."

"आणि ज्याला पत्र आलंय, त्याला सांगत नाही?"

"सांगतो की. ॲडमिनच्या इनबॉक्समध्ये सूचना येते."

"तो इनबॉक्स कोण बघतं?"

गुरूने पुन्हा डोळे मिटले. या वेळी ते बराच वेळ उघडले नाहीत.

"डोळे उघड आणि यादी काढ," बाई म्हणाल्या. "कुठल्या तारखेला, किती वाजता, कुणाकडून, कुठली फाईल अडवली. सगळी."

यादीत त्या मुलीच्या तिन्ही फाईली होत्या. वेळ मिनिटामिनिटाला जुळत होती. बाई जिना उतरून जागेवर येतात, तोच फोन वाजला. डॉक्टर.

"बाई, तिसरी वेळ ना? तिनेच येऊन सांगितलं, फाईल पोचली नाही म्हणून. निदान लपवत नाही. पण बोली म्हणजे बोली. निरोपाचं पत्र तयार आहे, पाच वाजता सही करतोय."

"सही करू नका, डॉक्टर. चूक तिची नाही, आमची आहे. फाईली आमच्या दारात अडत होत्या."

"तुम्ही तिला पाठीशी घालताय. तुमचा स्वभाव मला माहीत आहे. तुम्ही प्रत्येकालाच 'आमच्याकडे अडलं असेल' लिहिता."

हा टोला बाईंच्या वर्मी लागला, कारण तो खोटा नव्हता. पण त्या डगमगल्या नाहीत. "या वेळी कागद आहे माझ्याकडे. पाचच्या आत पाठवते. कागद बघा आणि मग काय ते ठरवा."

"पाठवा. पाचला मी निघतो, निघताना पत्रावर सही करतो. कागद आला नाही, तर माझ्याकडून विषय संपला."

बाई लिहायला बसल्या. गुरूची यादी आली होती, पण तीत इतरही पाठवणाऱ्यांची नावं होती, ती दाखवणं बरं नव्हतं. मग ती गाळून, त्या मुलीच्या तीन ओळी तेवढ्या ठेवून, वर्कशॉपच्या कागदावर घेऊन, मोठ्या साहेबांची सही घेऊन, स्कॅन करून, हे सगळं होईतो साडेतीन वाजले. पत्र मात्र बाईंनी मन लावून लिहिलं. या वेळी त्यांनी डॉक्टर, मोठे साहेब आणि ती मुलगी, तिघांनाही घातलं. मान खाली घालायची तर ती सगळ्यांसमोर, असं त्यांचं म्हणणं.

'तिन्ही वेळा स्कॅन वेळेवर आणि बरोबर पाठवलं गेलं होतं. आमच्या फिल्टरने ते अडवलं आणि आम्ही कुणालाही कळवलं नाही. मी तीनदा पुन्हा मागवलं, पण एकदाही शोध घेतला नाही. दोष सर्वस्वी आमचा आहे. अडवलेल्या फाईलींची यादी सोबत जोडली आहे.'

चार वाजून दहा मिनिटांनी बाईंनी ते पाठवलं, चहा मागवला आणि मिस्त्रींना सांगितलं, "झालं काम. आता बघते कोण काढतं तिला."

शिंपीकाकांची वाटी एव्हाना कोरून, ओढून, कडा घासून तयार होती. मिस्त्री ती हातात फिरवत म्हणाले, "पोरीने माप झकास घेतलंय हो. उगाच बोललो सकाळी."

चार पस्तीसला ईमेल वाजलं. बाईंना वाटलं, डॉक्टर. पण ते त्या मुलीचं होतं, आणि फक्त बाईंना होतं. ना डॉक्टरांना, ना साहेबांना.

'मॅडम, पत्र मिळालं, खूप धन्यवाद. यादी माझ्याकडे दिसत नाहीये. कदाचित आमच्याकडे अडली असेल. पुन्हा पाठवाल का? डॉक्टर पाचपर्यंत आहेत.'

बाईंनी 'पाठवलेलं' उघडलं. पत्र होतं. मोठ्या साहेबांची सही घेतलेली यादी मात्र नव्हती. ती टेबलावरच्या फोल्डरमध्ये, नाव देऊन, जिथल्या तिथे पडली होती. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. आणि तीही आज.

बाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. पंचवीस मिनिटांत जिची नोकरी जाणार होती, ती पोर लिहीत होती, 'कदाचित आमच्याकडे अडली असेल.' 'मॅडम, तुम्ही विसरलात, माझा जीव टांगणीला लागलाय,' असं लिहिलं असतं, तर कोण तिला बोलणार होतं? आणि हेच तिने सगळ्यांना उत्तर देऊन विचारलं असतं, तर डॉक्टर म्हणाले असते, बघा, कागद नव्हताच.

पण रडायला वेळ नव्हता. त्यांनी यादी जोडली. जोडलेली उघडून पाहिली. पिनेची खूण पाहिली. मग परत पाहिली. सगळ्यांना पाठवली आणि डॉक्टरांना फोन लावून म्हणाल्या, "फोन ठेवू नका. माझ्यासमोर उघडा."

पलीकडे माऊसचा आवाज आला.

"तीन तारखा," डॉक्टर म्हणाले. "वेळाही जुळतात." मग कागद फाटल्याचा आवाज आला. "आधीच्या पत्रात यादी नव्हती, बाई. मी वाट बघत होतो. म्हटलं, तुम्ही आणि विसराल, शक्य नाही."

"विसरले," बाई म्हणाल्या. "तुमच्याकडच्या त्या मुलीने आठवण करून दिली. तिला कायम करा, डॉक्टर. अशी माणसं शोधून सापडत नाहीत."

"उद्या सकाळी करतो. तिचं माप चांगलं असतं, ते मलाही दिसतं."

फोन ठेवून बाई त्या मुलीच्या ईमेलकडे वळल्या. उत्तर लिहायला घेतलं, तेव्हा सवयीने 'तुम्ही' लिहिलं, ते खोडलं.

'अगं, तुझ्याकडे काही अडलं नव्हतं. मी जोडायला विसरले. यादी आता पोचली आहे, आणि तू कुठे जात नाहीयेस. उद्या शिंपीकाका चालले की मला कळव.'