शिवणीत गेलेला शब्द

सत्यशीलाबाईंनी फोटो लॅपटॉपवर मोठा केला आणि त्यांना आपली चूक दिसली.

चाळीस वर्षं मोडी वाचणारी बाई. कोथरूडच्या सोसायटीत कुणाच्याही माळ्यावर जुना कागद सापडला की तो यांच्याच दारात यायचा. मोडीत दोन शब्दांत फट नसते. लिहिणाऱ्याने आधी सरळ रेघ ओढायची आणि तिच्याखाली अक्षरं लटकवत सुटायचं. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने बघावं. म्हणून बाईंचा नियम होता, शंका असेल तो शब्द चौकोनी कंसात, पुढे प्रश्नचिन्ह. शिकवणीला येणाऱ्यांचे कान त्यांनी यावरून कितीदा उपटले असतील. आणि इथे स्वतःच माती खाल्ली होती.

कागद होता १९११ सालचा, लोणी काळभोरच्या जमिनीचं खरेदीखत, नोंदणीच्या जाडजूड पुस्तकातलं. रज्जाक शिकलगारांच्या आजोबांनी शेत विकलं होतं. शेताच्या कडेने घरच्या कबरस्तानाकडे वाट जाते. नव्या मालकाने तीन महिन्यांपूर्वी तिथे तारेचं कुंपण घातलं. पलीकडे रज्जाकभाईंची बायको मेहरुन होती, गेल्या वर्षी पुरलेली. दर गुरुवारी ते फुलं घेऊन जायचे. आता कुंपणाशी उभं राहून परत यायचे.

खतात ओळ होती, "कबरस्तानाची वाट आम्हांकडे राखून ठेविली." निदान बाईंनी तसं वाचून, सही करून दिलं होतं. मोबाइलवर आलेल्या बारक्या फोटोवरून, घाईत. वाटेसाठी रज्जाकभाईंनी लावलेल्या दाव्यात उद्या त्यावर त्यांची साक्ष होती, आणि रज्जाकभाईंच्या वकील तनुजाने आज दुपारी मोठा फोटो पाठवला होता. त्यात ओळ "आम्हांकडे रा" इथवरच दिसत होती. पुढचं सगळं पुस्तकाच्या शिवणीत, काळोखात. खालच्या ओळीला दुसराच मजकूर सुरू.

मग "राखून ठेविली" आलं कुठून? असल्या खतांत ते नेहमी असतं म्हणून हात आपोआप लिहून गेला. "राहिली नाही" असंही असू शकेल. समोरच्यांच्या, म्हणजे नव्या मालकाच्या, मोडी वाचकाने तर तेच लिहिलं होतं, आणि तेही छातीठोकपणे.

बाईंनी तनुजा आणि रज्जाकभाई दोघांना घरी बोलावलं आणि सरळ सांगून टाकलं.

"ताई, आता कंस घातलात तर संपलंच," तनुजा म्हणाली. "समोरचा कंस घालत नाहीये."

"त्याला शिवणीच्या आतलं दिसत असेल. मला नाही दिसत."

रज्जाकभाईंनी चहाला हात लावला नव्हता. "तुम्ही एक शब्द बोललात की माझी वाट मोकळी होते," ते हळूच म्हणाले. "खोटं बोला असं नाही म्हणत. तुम्हीच तर वाचलं होतंत."

"वाचलं नव्हतं, भाई. गृहीत धरलं होतं."

ते उठून निघून गेले. बाईंना फार लाज वाटली. म्हाताऱ्या माणसाला आधी आपणच आशा लावली होती.

दुसऱ्या दिवशी साक्षीला उभं राहताच बाईंनी चूक कबूल केली. समोरच्या वकिलांना आयतंच कोलीत मिळालं.

"म्हणजे आधीचं वाचन खोटं?"

"चुकीचं. सवयीने लिहिलं. 'रा'च्या पुढचं मला वाचता येत नाही. या फोटोवरून कुणालाच येणार नाही."

"वा. मग बाकीच्या पानावर तरी काही खात्रीचं आहे का, बाई?"

हे विचारायला नको होतं, पण टोमणा मारायची हौस. बाईंनी चष्मा सारखा केला. "आहे ना. खाली चतुःसीमा आहे. विकलेल्या शेताच्या चारी बाजूंना काय काय होतं ते. पूर्वेस ओढा. दक्षिणेस [गणोजी?] याचं शेत, नाव शंकेचं. पश्चिमेस गावरस्ता. उत्तरेस कबरस्तानाची वाट."

तनुजाने झटकन कागद उलटला. नेहमीचा मजकूर म्हणून तिनेही तो कधी नीट वाचला नव्हता. सगळे त्या एका शब्दामागे धावले होते.

न्यायाधीशांनी बाईंच्या लेखी वाचनावरून मान वर केली. "वाट उत्तरेला, म्हणजे शेताच्या हद्दीबाहेर. याला कंस नाही?"

"नाही. शपथेवर सांगते."

"शेजारच्या नावाला आहे, याला नाही," ते स्वतःशीच म्हणाले आणि लिहू लागले. मूळ पुस्तक पुढच्या तारखेला हजर करावं. तोवर वाट अडवू नये.

बाहेर रज्जाकभाई बाईंपाशी येऊन थांबले. "मूळ पुस्तकात 'राहिली नाही' निघालं तर?"

"तर तेच वाचीन, भाई."

रज्जाकभाईंनी होकारार्थी मान हलवली.

"वाचा. आज गुरुवार आहे," ते म्हणाले, आणि फुलं घ्यायला निघाले.