दिवसाला बारा ग्रॅम

थोरली जाऊ रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला होती आणि सहा वर्षं जिममध्ये वजनं उचलत होती. धाकटीला तिथे तीच घेऊन गेली. नवीन लग्न झालेली, घरात कंटाळते म्हणून. आठ महिन्यांत धाकटीने स्क्वॉटमध्ये, म्हणजे खांद्यावर वजनाचा बार घेऊन बैठक मारण्यात, तिला मागे टाकलं. कोच धाकटीला ‘क्रेन’ म्हणायला लागला. थोरलीला इतक्या वर्षांत कुणी टोपणनाव दिलं नव्हतं.

वजन उचलण्याच्या स्पर्धेत गट शरीराच्या वजनावर ठरायचे आणि दोघी त्रेसष्ट किलोच्या गटातल्या. स्पर्धेत हिच्या खालच्या पायरीवर उभं राहायचं, या कल्पनेनेच थोरलीचा जळफळाट व्हायचा. तिने मनाशी ठरवलं, सत्तावन्नच्या गटात उतरायचं.

तेल बंद झालं. शेंगदाणे, साय, अंड्याचा बलक, सगळं बंद. भात मोजून, प्रोटीन मात्र भरपूर. खाणं मोजणारं मोबाइलमधलं ॲप दिवसाला बारा ग्रॅम फॅट दाखवायचं आणि तिला त्या आकड्याचा अभिमान वाटायचा. समोर धाकटी दोन अख्खी अंडी खायची, वर मूठभर दाणे, आणि तिचं वजन तसूभरही हलायचं नाही. थोरली तिचा घास न् घास मोजायची.

तिसऱ्या महिन्यात थोरलीची पाळी चुकली. गरोदर नव्हती. पुढचे दोन महिनेही कोरडेच गेले. शंभर किलोचा स्क्वॉट पंचाऐंशीवर आला, थोडं चालूनही पाय दुखायला लागले. कामाचा ताण असेल, असं तिने स्वतःला समजावलं. एक दिवस तिने सहकारी बाईला आपलं रक्त काढायला लावलं. व्हिटॅमिन डी बारावरून जेमतेम चौदा झालं होतं, तेही तीन महिने दर रविवारी कॅप्सूल घेऊन. इस्ट्रोजेन तर तळाला.

लॅबच्या डॉक्टरीणबाईंनी तिला केबिनमध्ये बोलावलं. कॅप्सूल कशाबरोबर घेतेस, विचारलं. सकाळी रिकाम्या पोटी, काळ्या कॉफीबरोबर. बाई म्हणाल्या, की ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं फॅटमध्ये विरघळतात. जेवणात फॅटच नसेल तर ती आतड्यातून नीट आत जात नाहीत.

“आणि पाळीचं?”

“खाणं एकूणच कमी, त्यात फॅट जवळजवळ नाहीच. मेंदूला वाटतं, दुष्काळ पडलाय. तो बीजकोशांना निरोप धाडणंच थांबवतो. एवढी वजनं उचलतेस, तर किलोमागे पाऊण ग्रॅम तरी फॅट हवं. तुला रोज पंचेचाळीसच्या आसपास. आणि पोटभर जेव. पाळी नसली की हाडंही झिजतात.”

त्याच संध्याकाळी स्वयंपाकघरात धाकटीने विचारलं, “ताई, पोट किती आत गेलंय तुझं. मला सांग ना, काय केलंस?”

खरं ओठांवर आलं होतं. पण धाकटीच्या नजरेत पहिल्यांदाच हेवा दिसत होता आणि तो थोरलीला फार गोड लागला. तिने सांगितलं, तेल सोड, बलक काढून टाक, भात निम्मा कर.

धाकटीने तंतोतंत ऐकलं. थोरली मात्र गुपचूप नीट जेवायला लागली. धाकटीने वाटीत बाजूला ठेवलेले बलक वाया जायला नकोत म्हणून तीच खायची. कॅप्सूलही आता दुपारच्या जेवणानंतर घ्यायची. क्रेनचे आकडे घसरले तेव्हा कोचने कपाळाला आठ्या घातल्या. थोरलीला त्या रात्री छान झोप लागली.

सातव्या आठवड्यात धाकटी जिमच्या कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून राहिली. पाळी तीन आठवडे लांबली होती आणि टेस्ट निगेटिव्ह.

“आम्हाला बाळ हवंय, ताई. काही बिघडलं तर नसेल ना?”

थोरली तिच्या शेजारी बसली.

“माझी पाच महिने बंद आहे,” ती म्हणाली. “फॅट सोडल्यामुळे. डॉक्टरांनी सांगितलं होतं मला.”

“कधी?”

“तू विचारलंस, त्याच दिवशी.”

धाकटी बराच वेळ बुटाची नाडी सोडत राहिली.

“म्हणून बलक तू खात होतीस,” एवढंच ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी थोरली तिला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली आणि त्यांच्यासमोर सगळं कबूल केलं. धाकटी नीट जेवायला लागली, दीड महिन्याने तिची पाळी आली. थोरलीला आणखी चार महिने थांबावं लागलं. सत्तावन्नचा नाद तिने सोडला होता.

स्पर्धेत त्रेसष्टच्या गटात धाकटी दुसरी आली, थोरली पाचवी. धाकटीचा शेवटचा बार वर गेला तेव्हा थोरलीच्या छातीत नेहमीसारखंच जळलं. तिने टाळ्या वाजवल्या. त्या मनापासून होत्या की नाही, हे तिचं तिलाही कळलं नाही.

धाकटी अजून तिला ताई म्हणते. खाण्याचं मात्र काही विचारत नाही.