डावा रकाना

निवृत्त झालेल्या मास्तरला घरात गप्प बसवणं म्हणजे महाकठीण काम. पहिल्या वर्षी सासऱ्यांनी चालू असलेली घड्याळं दुरुस्त करून बंद पाडली, दुसऱ्या वर्षी बाल्कनीतल्या कुंड्यांना पाणी घालघालून त्या मारल्या. तिसऱ्या वर्षी सुनेने लॅब टेक्निशियनच्या कोर्सला नाव घातलं आणि घरातल्या उरलेल्या वस्तूंनी सुटकेचा निःश्वास टाकला.

सुनेची अडचण अशी, की शेवटचा तास तिला पूर्ण बसताच येत नसे. पाळणाघर वेळेवर बंद व्हायचं आणि तिथली बाई एक मिनिट उशीर झाला तरी तोंडाचा पट्टा सोडायची. मग ही दारातूनच फळ्याचा फोटो काढी आणि पळे. उरलेलं मैत्रिणीच्या वहीतून. तेही फोटोच, तिरके, सावली पडलेले, निम्म्यांत मैत्रिणीचा अंगठा.

"हे असलं वाचून पास होणार तू?" सासऱ्यांनी एकदा फोन हातात घेऊन विचारलं. "शेवटचं पान आधी, पहिलं शेवटी."

"फोनमध्ये नवा फोटो वर येतो, बाबा. वेळच नाही हो लावायला."

"मला आहे. वेळेशिवाय दुसरं काही नाहीच माझ्याकडे."

कॉलेजच्या मॅडमनी सांगितलेली पद्धत तिने त्यांना समजावली. पानावर उभी रेघ मारायची, डावीकडे अरुंद रकाना, उजवीकडे रुंद. उजवीकडे टिपणं, थोडक्यात. डावीकडे त्या टिपणांवरचे प्रश्न. तळाला आडवी रेघ आणि खाली सगळ्याचा सारांश. अभ्यास करताना उजवी बाजू झाकायची, डावीकडचा प्रश्न वाचायचा आणि उत्तर आठवून मोठ्याने म्हणायचं.

सासऱ्यांना हे इतकं आवडलं, की त्यांनी लगेच पट्टी शोधली. रोज दुपारी ते भिंग लावून फोटो वाचत, आधी क्रम लावत, मग त्यांच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात पानं उतरवत. जेवताना उजव्या हातात घास आणि तोंडात रक्तगट. सारांशाची जागा मात्र ते कोरी सोडत.

"बाबा, तेवढंही लिहा ना," ती म्हणाली.

"ते तुझं काम. दुसऱ्याने चावलेला घास काय उपयोगाचा?"

तिला ते पटलं नाही. मनात म्हणाली, एवढं करतात आणि शेवटच्या चार ओळींना कंजुषी. प्रश्नांचंही तिला कौतुक नव्हतं. परीक्षेत प्रश्न विचारायला सर असतातच की, आपल्याला उत्तरं हवीत. म्हणून ती पान उभ्या रेघेवर मागे दुमडायची. रुंद बाजू ॲप्रनच्या खिशात बरोबर मावायची. बसमध्ये ती उजवी बाजू घोकायची आणि डावी बाजू बापडी तिच्या तळहाताला चिकटून बसायची.

तोंडी परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी सासऱ्यांनी रक्त भरायच्या रंगीत झाकणांच्या नळ्यांचं पान दिलं. "डावीकडचं बघ हं."

"हो, बाबा." मुलीच्या केसांतला गुंता सोडवत ती म्हणाली.

या तोंडी परीक्षेत पास होणाऱ्यांनाच वॉर्डात रक्त घ्यायला पाठवणार होते. नापास झालेल्यांनी पुढच्या तुकडीची वाट पाहायची. सरांनी सगळ्या वर्गासमोरच प्रश्न विचारायला घेतले. तिची पाळी आली.

"एकाच वेळी पाच नळ्या भरायच्यात. क्रम सांगा."

तिला हसूच आलं, इतकं पाठ होतं. "जांभळी, लाल, निळी, हिरवी, करडी."

सरांनी चष्मा काढला. "जांभळी आधी? तिच्यातल्या औषधाचा अंश लाल नळीत गेला, की पोटॅशियम खोटंच वाढलेलं दिसणार. धडधाकट माणसाला तुम्ही रुग्ण करणार. हे कुणी शिकवलं?"

मागे कुणीतरी फिस्सकन हसलं. तिच्या कानशिलांना आग लागली आणि तोंडातून निघून गेलं, "सर, माझ्या सासऱ्यांनी नोट्स लावून दिल्या. त्यांना यातलं काही कळत नाही. त्यांनीच उलटसुलट केलं."

आता अख्खा वर्ग हसला. सरही हसले. त्यांनी तिला दुसऱ्या दिवशी पुन्हा यायला सांगितलं. हशात आपली मान सुटली म्हणून तिला बरंसुद्धा वाटलं.

मैत्रीण बरोबर घरी आली. स्वभावाने चांगली, पण पोटात काही राहील तर शपथ. "काका, आज तुम्ही आमच्या हिला पाडलंत हो! नळ्या उलट्या लिहून दिल्यात ना? सगळा वर्ग हसत होता."

सासरे हसले नाहीत. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती चहाच्या कपांकडे बघत राहिली.

"माझी चूक झाली असेल, पोरी," ते म्हणाले. "डोळ्यांचा आता भरवसा नाही. तुझं नुकसान झालं." मैत्रीण गेल्यावर त्यांनी भिंग डबीत घातलं, पट्टी कपाटात ठेवली आणि हळूच विचारलं, "बाकीची पानंही तपासून घेशील ना कुणाकडून तरी?"

ती हो म्हणाली. हो म्हणताना तिला फक्त सुटल्यासारखं वाटत होतं.

उद्यासाठी क्रम सुधारून घ्यावा म्हणून तिने खिशातलं पान काढून पुरतं उलगडलं. डाव्या रकान्यात, त्या क्रमाच्या अगदी शेजारी, लाल पेन्सिलने लिहिलं होतं: 'जांभळ्या नळीतलं औषध पुढच्या नळीत गेलं तर पोटॅशियम चुकतं, असं खालीच लिहिलंय. मग ती आधी कशी? फोटो काढल्यावर सरांनी फळ्यावर काही खोडलं का? वहीच्या फोटोत इथे अंगठा आला आहे. सकाळी आधी सरांना विचार.'

तिने फोनमधला तो फोटो उघडला. फळ्यावर तोच क्रम होता, आणि सर खडू घेऊन त्याच्याकडे वळत होते. तिने मैत्रिणीला फोन केला.

"अगं, तो चुकीचा क्रम होता. वॉर्डात काही जण असं करतात म्हणून सरांनी आधी लिहिला, मग त्यावर मोठी फुली मारली. तू गेली होतीस ना तोवर."

तिने फोन ठेवला. तिला लाज वाटली, अशी की स्वतःच्याच घरात कुठे उभं राहावं ते कळेना. ज्याला काही कळत नाही म्हणून तिने सांगितलं होतं, त्यालाच तेवढं कळलं होतं. आणि तो माणूस तिची माफी मागून बसला होता.

सासरे बाल्कनीत होते. तिने पान त्यांच्यापुढे धरलं. "बाबा, तुम्ही लिहिलं होतं. मी डावी बाजू उघडलीच नाही. आणि वर्गात तुमचं नाव सांगितलं. तुम्हाला काही कळत नाही म्हणाले." ती रडू लागली. "माझं चुकलं."

त्यांनी पान बराच वेळ पाहिलं. डोळे शाबूत असल्याची खात्री करून घेत असावेत. मग म्हणाले, "मला सांगितलंस, बरं केलंस. पण मी कुठे हसलो होतो? हसला तो वर्ग."

त्यांनी पान परत दिलं आणि तळाच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. ती तिथेच बसली आणि पहिल्यांदाच तिने सारांश लिहिला.

दुसऱ्या दिवशी सरांनी तिला उभं केलं. "हं, क्रम?"

"निळी, लाल, हिरवी, जांभळी, करडी." आणि कारणही सांगितलं.

"बरोबर. आज सासऱ्यांना विचारलं नाहीत वाटतं!" वर्ग हसला. "पास. बसा."

ती बसली नाही. पान हातात पूर्ण उघडं होतं. "सर," ती म्हणाली, "काल मी खोटं बोलले."