नावापुढचा दोन

ऑफिसात सगळे त्यांना वहिनीच म्हणत. आर्किटेक्ट त्यांचा सख्खा धाकटा दीर, त्याच्या तोंडी दुसरं काही येणं शक्य नव्हतं. त्याचं ऐकून ड्रॉइंग काढणाऱ्या मुली वहिनी म्हणू लागल्या आणि शेवटी पाण्याचे जार आणून देणारासुद्धा. पत्रं, पाकिटं, फायली, फोन हे सगळं वहिनींकडे. दीर फक्त इमारती काढायचा आणि चष्मा हरवायचा.

त्या दिवशी तो एक लांबलचक पुठ्ठ्याची नळी घेऊन त्यांच्या टेबलाशी आला.

"वहिनी, वाचनालयाच्या लिफ्टचे नकाशे. मूळ प्रत आहे, हा एकच संच. लिफ्ट कंपनीच्या तपासनीस साहेबांची शाईची सही हवी. परवा पालिकेत द्यायचेत. आज जाऊ दे हे."

"कुठल्या पत्त्यावर?"

"मेलखाली पत्ता आहे की त्यांचा!"

वहिनींनी मेल उघडला. खाली पत्ता होता खरा, पण तो कंपनीच्या मुख्य कार्यालयाचा. त्या कंपनीतला कुणीही, अगदी सुट्टीवरचा माणूसही, मेल पाठवो, खाली तोच पत्ता उमटायचा. आणि शहरात कंपनीच्या शाखा होत्या अकरा.

"भाऊजी, हा कंपनीचा पत्ता झाला. माणूस कुठे बसतो?"

"खुर्चीवर बसत असेल. पाठवा तुम्ही. मागच्या वर्षी दवाखान्याच्या लिफ्टचे नकाशे मी स्वतः ह्याच पत्त्यावर पाठवले होते. दुसऱ्याच दिवशी सही होऊन आले!"

वहिनींनी मान डोलावली आणि फोन उचलला. ऐकायचं सगळ्यांचं आणि करायचं आपल्या मनाचं, ह्या एका सूत्रावर त्यांनी तीस वर्षं संसार आणि बारा वर्षं ऑफिस चालवलं होतं.

तपासनीस साहेबांचा मोबाइल बंद. लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेल्या माणसाला रेंज कुठून असणार? मग त्यांनी कंपनीचा मुख्य नंबर लावला. ऑपरेटर बाईंनी नाव ऐकलं, यादीत शोधलं आणि चुटकीसरशी सांगितलं, "पुलाजवळची शाखा. तळमजला. जोडून देते."

वहिनी खूश झाल्या. पेनाचं टोपण काढून त्या पत्ता लिहिणार, तेवढ्यात पलीकडून एक अतिशय प्रेमळ आवाज आला.

"बोला, बोला!"

"साहेब, वाचनालयाच्या लिफ्टचे नकाशे तुमच्याकडे पाठवतेय. तुम्ही पुलाजवळच बसता ना?"

"हो तर! दाराशीच. मोठ्या कुंडीच्या मागे."

"कुंडीच्या?"

"रबराचं झाड आहे. मीच लावलंय. सगळ्या अकरा शाखांतली झाडं माझ्याकडेच असतात, बाई."

वहिनींचं पेन हवेतच थांबलं. "तुम्ही लिफ्टची तपासणी करत नाही?"

"छे हो! मला लिफ्टमध्ये गरगरतं. मी जिन्यानेच जातो."

"मग नकाशे..."

"येतात मधूनमधून," झाडवाले मोकळेपणाने म्हणाले. "मागच्या वर्षीही आले होते. सोबत इतकं अदबीचं पत्र होतं! 'आपल्या बहुमूल्य सहीच्या प्रतीक्षेत.' मला वाटलं, काचेच्या झाडघराचा नकाशा असेल. कुणी एवढ्या मानाने मागतंय तर नाही कसं म्हणायचं? केली सही."

वहिनींनी आभार मानून फोन ठेवला आणि कपाळाला हात लावला. मग दवाखान्याची फाइल काढली. नकाशावर कोपऱ्यात झोकदार सही होती आणि सहीच्या वर सुवाच्य अक्षरात शेरा: 'खाली पाणी साचू देऊ नये. उजेड पुरेसा हवा.'

दिराने वाकून तो वाचला. "वहिनी, हा शेरा वाचून मी लिफ्टच्या खड्ड्याला पाणी जायची वाट करून घेतली! दोन दिवे जास्तीचे लावले! तीन सभांत सांगितलं की तपासनीस असावा तर असा!"

"माळी आहेत ते, भाऊजी."

दिराने स्टूल ओढलं. "म्हणजे दवाखान्याची लिफ्ट माळ्याने पास केली?"

"ते नंतर बघू. आधी आजची नळी."

वहिनींनी पुन्हा मेल उघडला आणि ह्या वेळी खालचा पत्ता सोडून वरचा वाचला. तपासनीस साहेबांच्या मेल आयडीत नाव, आडनाव आणि त्याला चिकटून दोनचा आकडा होता. इतके दिवस तो त्यांना शोभेचा वाटला होता. दोन आहे म्हणजे त्याच नावाचा पहिलाही कुणीतरी कंपनीत असणार. आणि पहिला तर आत्ताच रबराच्या झाडामागून बोलला होता!

त्यांनी ऑपरेटर बाईंना परत फोन लावला. "बाई, त्याच नावाचे आणखी कुणी आहेत का? मेलमध्ये दोन असलेले?"

पलीकडे कळा दाबल्याचा आवाज. "अगंबाई, आहेत की! यादीत लगेच खालीच. मी कधी खाली बघितलंच नाही. सुरक्षा तपासणी विभाग, बाजारातली शाखा."

"तिथेच बसतात? की नुसती नोंद तिथे आहे?"

ऑपरेटर बाई जरा दुखावल्या. "नोंद आहे म्हणजे बसत असतीलच ना."

वहिनींनी त्यांच्याकडून बाजारातल्या शाखेचा थेट नंबर घेतला. तिथल्या रिसेप्शनवरच्या माणसाने सांगितलं, "त्यांचा विभाग आमच्याकडेच. पण दुसऱ्या मजल्यावर फरशी उखडलीय. सगळे दोन महिन्यांसाठी कालव्याजवळच्या शाखेत गेलेत. इथे फक्त त्यांची छत्री आहे. पाठवता का छत्रीला?"

"छत्री सही करत असेल तर पाठवते," वहिनी म्हणाल्या.

मग कालव्याजवळच्या शाखेला फोन. तिथे वहिनींनी एकही गोष्ट गृहीत धरली नाही. सुरक्षा तपासणी विभाग इथेच का? कितव्या मजल्यावर? ह्या नावाचे साहेब आज आले होते का? टपाल कोण घेतं, किती वाजेपर्यंत? त्यांचा कर्मचारी क्रमांक काय? आणि शेवटी, "ते झाडांचं काही करत नाहीत ना?"

"नाही हो," रिसेप्शनची मुलगी म्हणाली. "आत्ताच लिफ्टमधून बाहेर आले. देऊ का?"

तपासनीस साहेबांचा आवाज खरखरीत होता, पण नकाशे म्हणताच उजळला. "पाठवा, पाठवा! वर्षभरात मला कुणाचा एक कागद पोचलेला नाही. बियाण्यांची माहितीपुस्तकं मात्र दर महिन्याला येतात."

वहिनींनी नळीवर ठसठशीत लिहिलं: नाव, कर्मचारी क्रमांक, सुरक्षा तपासणी विभाग, तिसरा मजला, कालव्याजवळची शाखा, फोन. दवाखान्याचा नकाशाही त्याच नळीत घातला, माफीच्या चिठ्ठीसकट. कुरिअरवाल्याने लेबल वाचून विचारलं, "वहिनी, खाली नकाशा पण काढू का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तपासनीस साहेबांचा फोन आला. दिराने घाबरत उचलला आणि सगळ्यांना ऐकू जावा म्हणून स्पीकरवर टाकला.

"वाचनालयाची सही झाली. संध्याकाळपर्यंत नळी तुमच्याकडे येईल. दवाखान्याला मात्र मी स्वतः जाऊन आलो, खड्ड्यात उतरून पाहिलं. पाण्याची वाट कुणी सुचवली?"

दिराने चष्मा काढून कुठेतरी ठेवला. "तुमच्याच कंपनीच्या... जुन्या अनुभवी माणसाने."

"हुशार माणूस. मीही तेच लिहिलं असतं. सही केलीय."

दीर उठून नाचलाच असता, पण चष्मा सापडत नव्हता. एवढ्यात वहिनींचा फोन वाजला. लिफ्ट कंपनीच्या ऑपरेटर बाई होत्या, आवाज अगदी हळू.

"वहिनी, जरा मदत करता? आमचे नवे विभागप्रमुख कुठे बसतात, कुणालाच सांगता येत नाहीये. सकाळपासून चार शाखांनी नाही म्हटलं."

वहिनींनी खुर्ची पुढे ओढली आणि कोरा कागद घेतला. "मेल आयडी सांगा आधी. पुढे आकडा आहे का काही?"