शर्टातली नीळ

मोनाली राजेंद्र नगरच्या एका फोटो स्टुडिओत काम करते. आईबाबांचा लालसर पडलेला जुना फोटो तिने स्कॅन केला. भेगा भरताना आजूबाजूच्या छपाईचे बारीक दाणे जुळवले, चेहरे मुद्दाम गुळगुळीत केले नाहीत. मग बाबांचा शर्ट पांढराशुभ्र धरून रंग सुधारले, तर दोघंही कावीळ झाल्यासारखी पिवळी दिसू लागली.

शेजारी बसलेली आई स्क्रीनकडे बघत म्हणाली, "शर्ट इतका सफेद नव्हताच ना. लग्नानंतर पहिल्यांदा मी धुतला, तर नीळ ज्यादा पडली."

"तरी बाबांनी फोटोसाठी तोच घातला?"

"दुसरा काढून दिला होता. ऐकलंच नाही त्यांनी."

मोनालीने शर्टात थोडी निळी झाक राहू दिली. चेहरे पुन्हा गव्हाळ झाले.

मागे उभे राहून ऐकणारे बाबा खुर्ची ओढून आईशेजारी बसले आणि बराच वेळ फोटो बघत राहिले.