क्लेमच्या जेवणाचे शेवंड

माझ्याबरोबर शेवंड धरणारा क्लेम वारला तेव्हा मी त्याच्या बायकोला म्हटलं, जेवणाचं माझ्यावर सोड. आमच्याकडे शेवंड धरणारा माणूस गेला की दफनानंतर पानात मोठे शेवंड लागतातच. बारके वाढले तर तोंडावर कोणी बोलत नाही, पण घरी जाऊन नावं ठेवतात.

मोठे उरले होते कुठे? चाळीस वर्षं आम्हीच वेचून काढलेले. होते ते फक्त ब्रिओनीच्या खडकावर.

ब्रिओनी माझी मुलगी. बुडी मारून अबलोनचे शिंपले काढते, त्यावरच तिचं घर चालतं. गरम होत चाललेल्या पाण्याबरोबर उत्तरेकडून लांब काट्यांचे काळे काटेगोळे, म्हणजे सी-अर्चिन, आले आणि टास्मानियाच्या या किनाऱ्यावरची केल्पची, म्हणजे उंच समुद्री शेवाळाची, रानं कुरतडत सुटले. केल्प संपलं की शिंपल्यांची उपासमार होते. हे दळभद्री काटेगोळे मात्र नागड्या दगडावरही तग धरतात. ब्रिओनीच्या खडकावर रान अजून उभं होतं, मधे मधे टक्कल पडलेलं. तिने मत्स्यखात्याच्या मागे लागून तिथे चाळीस मोठे शेवंड सोडून घेतले आणि धरायला बंदी आणवली. मोठेच का, तेही तिने मला सांगितलं होतं. वाढलेल्या काटेगोळ्याला बारका शेवंड कवेत घेऊच शकत नाही. थोराडच त्याला उलटा करून खालून फोडून खातो. मी हो हो म्हणालो. कान होते, डोकं नव्हतं.

चार दिवस पिंजरे लावले. सव्वीस मोठे मिळाले. खात्याच्या खुणेच्या पट्ट्या कापून टाकल्या. बारके मात्र एकूणएक परत पाण्यात सोडले. बारकं सोड, ते वाढेल, हेच जन्मभर शिकलो होतो. लाज वाटायची सोडून मला स्वतःचं कौतुकच वाटलं.

तीन वर्षांत टकलं एकमेकांना जाऊन भिडली. परवा ब्रिओनी वर आली ती रिकामी जाळी घेऊन. पानभरही केल्प उरलं नाही म्हणाली, नुसते काटेच काटे. आता पुन्हा रान उगवायचं तर जवळजवळ प्रत्येक काटेगोळा काढावा लागेल, आणि ते एकट्या बाईचं काम नाही. बोट विकणार होती. खात्याची माणसं म्हणतात, शेवंड दुसरीकडे निघून गेले असतील.

मला राहवलं नाही. धक्क्यावरच सगळं सांगून टाकलं. बारके सोडले होते गं, हेसुद्धा म्हणालो.

ती ओरडेल असं वाटलं होतं. ती बुडीची हवेची नळी गुंडाळत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "क्लेमच्या जेवणाला मी दोनदा शेवंड वाढून घेतले होते."