श्रावणातली टोपली

तूर

एकशे अडतीस. आकडा तिचाच, आणि तोच तिला एका जागी बसू देईना.

मंजुळा कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. वाळूजच्या एका कारखान्यात महागाई भत्त्याचा तीन वर्षांचा करार व्हायचा होता, आणि युनियननं हिशेब तिच्याकडे दिला होता. तिनं रीतीप्रमाणं केलं. तीन वर्षांपूर्वी कामगारांच्या घरी महिन्याला जे येत होतं, ती टोपली धरली. तीच आजच्या भावानं मोजली. लास्पेयरची पद्धत. शंभराचे एकशे अडतीस झाले. युनियनचा सेक्रेटरी सोनाजी खूश.

मग कंपनीचे देशमुख साहेब आपला आकडा घेऊन आले. टोपली आजची धरा, म्हणाले. तीच जुन्या भावानं मोजा अन् आजच्या भावानं. पाशेची पद्धत. एकशे एकोणीस.

मसूर

उस्मानपुऱ्यातल्या हॉटेलात चहा निवून गेला.

"त्यांचा खोटाय ना, ताई?" सोनाजीनं विचारलं.

"खोटा नाही. आपलाही नाही. भाऊ, नुसती डाळ बघा. आधी तूर चार किलो, मसूर एक. तूर शंभराची दीडशे झाली, मसूर ऐंशीची ऐंशीच. जुनी टोपली चारशे ऐंशीची सहाशे ऐंशी झाली."

"बेचाळीस टक्के! मंग?"

"मग तुमच्या घरी आज तूर चार किलो येते?"

सोनाजीनं निवलेला कप पुढंमागं सरकवला. मग म्हणाला, "एक येती. बाकी मसूर."

"ही टोपली जुन्या भावानं चारशे वीस, आजच्या भावानं चारशे सत्तर. बाराच टक्के."

"म्हंजी आमी पोटाला मारलं त्याचं त्यांना बक्षीस?"

"तेच. ते तुमचं मन मारणं मोजत नाहीत, म्हणून त्यांचा आकडा खाली पडतो. अन् आपण असं धरतो की कुणी तूर सोडलीच नाही. माणसं तर हलतात. स्वस्ताकडं वळतात. त्यामुळं पूर्वीइतकंच बरं राहायला आपण सांगतो तेवढे पैसे लागत नाहीत. आपला आकडा चढाच."

सोनाजीनं आजूबाजूला बघितलं. "हळू बोल. हे मीटिंगात तोंडातून काढायचं नाय. चारशे घरं बसलीत तुझ्या आकड्यावर."

खुर्ची सरकवली, उठली, परत बसली.

मटण

कंपनीच्या टोपलीत मटण नव्हतं. एकाही घरात नव्हतं. शेजारी साहेबांचा शेरा: भाव वाढल्यामुळे कामगारांनी मटण सोडले.

सगळ्यांनी? एकदम?

कंपनीच्या पाहणीच्या तारखा बघितल्या, सगळ्या श्रावणातल्या, आणि ती स्वतःवरच चिडली. पिशोरसारख्या खेड्यात वाढलेली मुलगी, आणि दोन दिवस हे दिसू नये! दसरा उलटल्यावर ती कामगारांच्या घरोघर फिरली. बिडकीनला द्वारकाबाईंकडं चुलीवर रस्सा रटरटत होता.

"मावशी, श्रावणात कंपनीची माणसं आली होती?"

"आली व्हती की. मटण किती आणता म्हनले. म्या म्हनलं, श्रावणात? डोकं फिरलं का रे तुमचं?" त्या हसल्या. "लिवलं त्यांनी. शून्य."

"आणि आता?"

"आता आईतवारी. पयल्यापरीस कमी, पर हाय."

"तूर?"

द्वारकाबाईंचं हसू गेलं. "मसूरच हाय अजून. आवडली म्हून नाय, बाई."

मटण परत आलं होतं. तूर आली नव्हती. एक सोडणं देवासाठी, दुसरं भावासाठी. मंजुळानं आजची टोपली पुन्हा भरली. पाशेचा आकडा एकशे सत्तावीस झाला.

मीटिंग

देशमुख साहेबांनी थेट तिलाच विचारलं. "मॅडम, तुम्ही शिकवता हे. जुनी टोपली महागाई फुगवून दाखवते. हो की नाही?"

सोनाजी टेबलाखालून पाय हलवत होता. टेबल थरथरत होतं.

"हो," ती म्हणाली.

पाय थांबला.

"आणि नवी टोपली कमी दाखवते, साहेब. त्यात तुमची पाहणी श्रावणातली."

"मग?"

साहेबांच्या शेजारी बसलेला हिशेबनीस खाली बघून हसला. साहेबांनी त्याच्याकडं बघितलं, मग कागदाकडं, मग तारखेकडं.

"मटण भावानं गेलं नव्हतं. ते धरून एकशे सत्तावीस. वर आमचे एकशे अडतीस. जगण्याचा खर्च या दोहोंच्या मधे कुठंतरी. मी दोन्हींचा गुणाकार करून वर्गमूळ काढलंय. एकशे बत्तीस."

साहेबांनी कागद मिटला.

"बत्तीसवर मी वरच्यांशी बोलतो," साहेब म्हणाले. "श्रावणाचं वर नका नेऊ."

गेट

"सहा गमावले," सोनाजी बाहेर येऊन म्हणाला. "तू गमावलेस."

"अडतीस टिकलं नसतं, भाऊ. तुमच्याच घरातली मसूर दाखवून त्यांनी ते पाडलं असतं."

"हे मला नको सांगू." शिफ्ट सुटत होती, गेटाबाहेर माणसं गोळा व्हायला लागली होती. "मी गेल्या महिन्यात ह्याच गेटावर अडतीसची शपथ घेतलीय. आता कोणत्या तोंडानं सांगू?"

कुणीतरी ओरडलं, "सेक्रेटरी, किती?"

सोनाजीनं एक लाकडी खोकं पायानं सरकवलं. "चढ. तूच सांग."

ती चढली. खोकं डुगडुगत होतं. समोर दोनशे चेहरे, आणि त्यांना अडतीसच ऐकायचं होतं.

"तुमच्यापैकी किती जणांच्या घरी आज तूर शिजली?" तिनं विचारलं.

हात वर येईनात.